समान गुणांचे उमेदवार आणि क्रमवारीचा प्रश्न

संगणकशास्त्राच्या अभ्यासक्रमात ‘डेटा स्ट्रक्चर्स’ नावाचा एक विषय असतो, आणि त्याच्या प्रश्नपत्रिकेत एका ठरावीक धाटणीचा प्रश्न वारंवार डोके वर काढतो. तो साधारण असा : दहा लाख उमेदवारांचे अर्ज आले आहेत. ज्या क्रमाने अर्ज आले त्याच क्रमाने त्यांच्या नोंदी संगणकाच्या स्मृतीत एकापुढे एक ठेवल्या आहेत. प्रत्येक नोंद शंभर बाइटांची असून तीत उमेदवाराचे नाव, पत्ता आणि शून्य ते शंभरपर्यंतचे गुण आहेत. या नोंदी गुणांच्या उतरत्या क्रमाने लावावयाच्या आहेत. दोघांचे गुण समान असतील, तर ज्याचा अर्ज आधी आला त्याचे नाव आधी यावे. मूळची मांडणी कितीही प्रतिकूल असली तरी काम काही सेकंदांत पुरे व्हावे, आणि स्मृती एकंदर बारा कोटी बाइटच उपलब्ध आहे. तर मग इन्सर्शन सॉर्ट, क्विक सॉर्ट, हीप सॉर्ट व मर्ज सॉर्ट यांपैकी कोणती पद्धत निवडाल, आणि का?

बहुतेक विद्यार्थी या प्रश्नाचे उत्तर पाठ केलेल्या तक्त्यावरून देतात. चार पद्धती, तीन रकाने आणि त्यांत ‘होय’ किंवा ‘नाही’. तक्ता चुकीचा नसतो. पण प्रश्नातील प्रत्येक वाक्य कशासाठी आले आहे हे त्याने कळत नाही. म्हणून आपण तक्ता बाजूला ठेवून प्रश्नच वाचू या.

पहिली गोष्ट समान गुणांची. दोघा उमेदवारांना पंच्याऐंशी गुण आहेत आणि जागा एकच उरली आहे. अशा वेळी यादीत कोण वर आहे यावर एकाचा प्रवेश अवलंबून असतो. आता नीट पाहा : अर्ज आधी कोणाचा आला, ही माहिती नोंदीत कोठेही लिहिलेली नाही. नोंदीत नाव आहे, पत्ता आहे, गुण आहेत. अर्जाचा क्रम आहे तो केवळ नोंदीच्या जागेत. पहिल्या जागेवरची नोंद पहिली आली, एवढाच त्याचा पुरावा. क्रमवारी लावणे म्हणजे तर जागा बदलणे. तेव्हा ती बेफिकिरीने केली, तर हा पुरावा त्या हलवाहलवीतच नाहीसा होतो आणि मागून कितीही शोधला तरी सापडत नाही. समान गुणांच्या नोंदींचा मूळचा आपसांतला क्रम जी पद्धत बिघडू देत नाही, तिला ‘स्थिर’ पद्धत म्हणतात, आणि या गुणाला स्थैर्य.

हा क्रम बिघडतो कसा, हे पाच उमेदवारांवरच पाहू. अर्ज आले त्या क्रमाने पाच नावे घ्या : अनंत ७२, भास्कर ८५, चित्रा ७२, दमयंती ९१ आणि एकनाथ ८५. हवी ती यादी उघड आहे. दमयंती पहिली, मग भास्कर आणि एकनाथ, मग अनंत आणि चित्रा. कागदावर हे कोणीही करील. आता हेच काम हीप सॉर्टकडे सोपवू. ही पद्धत जे. डब्ल्यू. जे. विल्यम्स यांनी १९६४ मध्ये मांडली. तिच्यात नोंदींची एक उतरंड कल्पावयाची असते. पहिल्या जागेखाली दुसरी व तिसरी, दुसरीखाली चौथी व पाचवी. आणि नियम एवढाच की वरचा खालच्या कोणाहूनही मोठा नसावा. आपल्या पाच नोंदी योगायोगाने हा नियम आधीच पाळतात : अनंतचे ७२ हे भास्करच्या ८५ हून किंवा चित्राच्या ७२ हून मोठे नाहीत, आणि भास्करचे ८५ हे दमयंती व एकनाथ यांच्या गुणांहून मोठे नाहीत. मग पद्धत म्हणते, माथ्यावर सर्वांत कमी गुण आहेत, तेव्हा तो उमेदवार शेवटच्या जागी ठेवा आणि शेवटचा उचलून माथ्यावर आणा. झाले! अनंत थेट पाचव्या जागेवर गेला, आणि ती जागा आता कायमची. चित्राचा अर्ज त्याच्या मागून आला होता, पण ती आता त्याच्या पुढेच राहणार. एका अदलाबदलीत निकाल लागला.

पुढे चालू ठेवले तर असे होते. एकनाथ माथ्यावर आला. त्याच्याखाली चित्रा त्याहून कमी गुणांची, म्हणून ती वर आली आणि मग चौथ्या जागी गेली. उरले दमयंती, भास्कर आणि एकनाथ. दमयंती माथ्यावर, तिच्याखालील दोघांचे गुण समान असता डावीकडचा उचलावयाचा असे ठरवले, तर भास्कर वर येतो आणि तिसऱ्या जागी जातो. शेवटची यादी होते ती अशी : दमयंती, एकनाथ, भास्कर, चित्रा, अनंत. गुणांच्या दृष्टीने यादी अगदी बरोबर आहे. तपासनिसाने गुणांचा रकाना वरून खाली पाहिला तर त्याला एकही चूक सापडणार नाही. आणि तरीही दोन्ही जोड्या उलट झाल्या आहेत. अस्थैर्याचा खरा धोका हाच : ते दिसत नाही. त्याची परीक्षा करावयाची तर मुद्दाम समान गुणांच्या पुष्कळ नोंदी घ्याव्या लागतात, प्रत्येकीवर तिचा मूळ क्रमांक लिहावा लागतो आणि क्रमवारीनंतर प्रत्येक गटात हे क्रमांक चढतेच आहेत ना, हे पाहावे लागते.

शिवाय ही परीक्षा लहान नमुन्यावर घेऊन भागत नाही. इंटरनेटवरील पाने दाखविणाऱ्या ‘क्रोम’ या प्रोग्रामात जावास्क्रिप्ट भाषेची जी क्रमवारी होती, ती काही वर्षे अशी चाले की दहापर्यंतच्या घटकांसाठी इन्सर्शन सॉर्ट आणि त्याहून अधिकांसाठी क्विक सॉर्ट. इन्सर्शन सॉर्ट स्थिर आहे. त्यामुळे आठ-दहा नावांवर पारखून घेणाऱ्याला सारे काही ठीक दिसे आणि अकरावे नाव आले की क्रम ढळण्याची शक्यता उत्पन्न होई. २०१८ मध्ये तेथे स्थिर पद्धत आणली गेली, आणि २०१९ च्या मानकाने त्या भाषेत स्थैर्य बंधनकारकच केले.

आता प्रश्नातील दुसरी अट पाहू : मांडणी कितीही प्रतिकूल असली तरी वेळ मर्यादेत राहावा. येथे क्विक सॉर्टची कसोटी लागते. टोनी होअर या इंग्रज संशोधकाला ही पद्धत सुचली ती मॉस्कोत विद्यार्थी म्हणून राहत असताना, १९५९-६० च्या सुमारास. यंत्राकडून रशियन भाषांतर करवून घेण्याच्या खटपटीत वाक्यातील शब्द कोशात शोधण्यापूर्वी वर्णानुक्रमाने लावणे त्याला आवश्यक वाटले होते. पद्धत मोठी सुटसुटीत आहे. एक नोंद आधार म्हणून निवडावी. तिच्याहून सरस नोंदी एका बाजूस, नीरस दुसऱ्या बाजूस कराव्या. आणि मग प्रत्येक बाजूवर तोच प्रयोग पुन्हा करावा. आधार साधारण मधला मिळत गेला, तर दहा लाख नोंदींना अडीच ते पावणेतीन कोटी तुलना पुरतात. यंत्र सेकंदाला दहा कोटी तुलना करते असे समजा. म्हणजे पाव सेकंदाचे काम. पण आधार म्हणून नेहमी पहिलीच नोंद घेतली आणि यादी मुळातच क्रमाने लावलेली असली, तर प्रत्येक वेळी एका बाजूस काहीच पडत नाही आणि दुसरीस उरलेले सर्व. मग तुलनांची संख्या होते सुमारे पन्नास हजार कोटी, आणि त्याच यंत्राला ऐंशीहून अधिक मिनिटे लागतात. क्रमाने लावलेली यादी ही व्यवहारात काही दुर्मिळ वस्तू नव्हे. कालची यादी आज पुन्हा लावावयास दिली की झाले.

यावर पाठ्यपुस्तकात उपाय सांगतात तो आधार चिठ्ठी टाकून निवडण्याचा. तो बहुधा लागू पडतो. परंतु आपल्या प्रश्नात एक बारीक खुबी आहे, जिच्याकडे लक्ष न गेल्यास हा उपायही निरुपयोगी ठरतो. गुण शून्य ते शंभर, म्हणजे एकशे एकच प्रकारचे. आणि उमेदवार दहा लाख. गुण सारखे पसरलेले आहेत असे धरले तरी एकेका गुणसंख्येवर सुमारे दहा हजार उमेदवार उभे आहेत. क्विक सॉर्टची जी सोपी आवृत्ती वर्गात फळ्यावर लिहितात, ती आधाराशी समान असणाऱ्या सर्व नोंदी एकाच बाजूस लोटते. अशा दहा हजारांच्या गटात शिरल्यावर चिठ्ठी कोणतीही उचला, आधार तोच! प्रत्येक फेरीत फक्त एक नोंद सुटते, आणि गटागणिक पाच कोटी तुलना होतात. शंभर गटांच्या मिळून पाचशे कोटी. म्हणजे पाव सेकंदाच्या जागी पन्नास सेकंद. समानांना मध्ये वेगळे ठेवणारी तीन भागांची विभागणी केली तर हा दोष जातो. कार्यक्रम अशा खड्ड्यात पडला आहे काय, हे ओळखण्याची युक्ती सोपी आहे. नोंदी दुप्पट करून वेळ मोजावा. वेळ दुपटीहून थोडासाच वाढला तर ठीक. चौपट झाला तर खड्डा सापडला.

डेव्हिड मसर यांनी १९९७ मध्ये याहून पक्का तोडगा दिला. क्विक सॉर्ट चालू द्यावी. पण विभागण्यांची खोली ठरावीक मर्यादेपलीकडे गेली की उरलेले काम हीप सॉर्टकडे सोपवावे. हीप सॉर्टची मजा ही की तिला प्रतिकूल मांडणीचे भयच नाही : दहा लाख नोंदींना कशाही परिस्थितीत चार कोटींच्या आत तुलना. लिनक्स या संगणकप्रणालीच्या गाभ्यातील सर्वसाधारण क्रमवारी हीप सॉर्टनेच होते, आणि तिच्या लेखकांनी कारणही तेथेच नोंदवले आहे : क्विक सॉर्ट सरासरीने थोडी जलद खरी, पण मुद्दाम प्रतिकूल मांडणी पुरवून कोणी तिला वेठीस धरू शकतो, आणि शिवाय तिला जादा स्मृती लागते. मात्र आपल्या प्रश्नाला यातले काही उपयोगी नाही. क्विक सॉर्टची ही रूपे लांब लांबच्या नोंदींची अदलाबदल करतात, हीप सॉर्ट काय करते ते आपण पाहिलेच. स्थैर्य दोघींपाशीही नाही.

उरल्या दोन. इन्सर्शन सॉर्ट म्हणजे हातातील पत्ते लावण्याची आपली रीत : नवा पत्ता घ्यावा आणि योग्य जागी खुपसावा. ती स्थिर आहे, तिला जादा स्मृती लागत नाही. पण यादी उलट्या क्रमाने आली की पुन्हा तेच पन्नास हजार कोटी. तेव्हा ती बाद. राहिली मर्ज सॉर्ट, जी जॉन फॉन नॉयमन यांनी १९४५ मध्येच लिहून ठेवली होती. यादीचे दोन भाग करावे, प्रत्येक भाग वेगळा लावावा, आणि मग दोन लावलेल्या याद्या समोरासमोर ठेवून वरची वरची नोंद उचलत एक करावी. तुलना कोणत्याही परिस्थितीत दोन कोटींच्या आत. आणि स्थैर्य? ते एका लहानशा नियमावर उभे आहे : दोन्ही याद्यांच्या माथ्यावर समान गुण आले तर डावीकडची नोंद आधी उचलावी, कारण डाव्या यादीतील सगळे अर्ज उजवीतील अर्जांच्या आधीचे आहेत. कार्यक्रम लिहिताना ‘डावीचे गुण अधिक किंवा समान असतील तर डावी घ्या’ असे लिहावयाच्या ऐवजी ‘अधिक असतील तर’ एवढेच लिहिले, म्हणजे `>=` च्या जागी `>` पडले, की मर्ज सॉर्टसुद्धा अस्थिर होते. वेळ तोच, गुणांचा रकाना तसाच निर्दोष. समानांचा क्रम मात्र गेला. अशीच फसगत दुसऱ्या एका सवयीने होते. पुष्कळ जण चढत्या क्रमाने स्थिर क्रमवारी लावतात आणि मग उतरता क्रम हवा म्हणून सबंध यादी उलटी करतात. यादी उलटली की प्रत्येक समान गटही उलटतो, आणि मागून आलेला पुढे बसतो.

तर उत्तर मर्ज सॉर्ट, असे म्हणून विद्यार्थी लेखणी ठेवतो. पण प्रश्नातील शेवटचे वाक्य अजून बाकी आहे. दहा लाख नोंदी, प्रत्येकी शंभर बाइट. म्हणजे नोंदींनीच दहा कोटी बाइट व्यापले. स्मृती बारा कोटी. शिल्लक दोन कोटी. मर्ज सॉर्टला दोन याद्या एक करताना एक वेगळी रिकामी जागा लागते, आणि साध्या रीतीने ती सबंध यादीएवढी, म्हणजे आणखी दहा कोटी. केवळ डावा अर्धा भाग बाहेर काढून ठेवण्याची काटकसर केली तरी पाच कोटी. म्हणजे जी एकच पद्धत दोन कसोट्यांना उतरली, ती तिसरीला अडते. चारही उमेदवार नापास! जादा स्मृती जवळजवळ न घेता, स्थिर राहून, सर्व परिस्थितीत वेळेत काम करणाऱ्या पद्धती शास्त्राला अवगत आहेत. पण त्या इतक्या गुंतागुंतीच्या आहेत की परीक्षेच्या तीन तासांत त्या बिनचूक लिहिण्याची कोणाकडून अपेक्षा करू नये.

वाट निघते ती एका वेगळ्याच विचाराने. हलवावयाच्या त्या नोंदीच असल्या पाहिजेत, असे प्रश्नात कोठे म्हटले आहे? ग्रंथालयात पुस्तके फळीवर असतात तेथेच असतात आणि क्रम लावला जातो तो कार्डांचा. तसेच येथे करावे. प्रत्येक नोंदीसाठी तिचा जागाक्रमांक लिहिलेले चार बाइटांचे एक कार्ड करावे आणि त्याच्याशेजारी आणखी चार बाइटांत तिचे गुण उतरून घ्यावे, म्हणजे दर तुलनेला नोंदीपर्यंत धाव घ्यावी लागणार नाही. दहा लाख कार्डांना ऐंशी लाख बाइट. मर्ज सॉर्टसाठी तेवढीच रिकामी जागा, आणखी ऐंशी लाख. एकूण एक कोटी साठ लाख. शिल्लक होती दोन कोटी, बसले. कार्डे लागली की त्यांच्या क्रमाने नोंदी एकेक वाचून यादी छापावी. नोंदी स्वतः तसूभर हलत नाहीत.

आणि गंमत पाहा. कार्डावर जागाक्रमांक लिहिला त्याच क्षणी एक मोठी गोष्ट घडून गेली आहे. जो अर्जाचा क्रम आतापर्यंत केवळ जागेत होता, तो आता कार्डावर आला. आता तुलना करताना नियम असा करता येईल की आधी गुण पाहावे, आणि ते समान असले तर लहान जागाक्रमांक आधी. हा नियम केला की कोणतीही दोन कार्डे समान राहतच नाहीत. आणि समानच कोणी नसेल तर स्थैर्याचा प्रश्नच उरत नाही. मग हीप सॉर्टही हेच काम बिनदिक्कत करील. भास्करच्या कार्डावर दोन आणि एकनाथच्या कार्डावर पाच लिहिलेले आहेत. अदलाबदल कशीही झाली तरी अखेर भास्करच वर येणार. हीप सॉर्टला दुसरी रिकामी जागा लागत नाही, म्हणून ऐंशी लाख बाइटांतच काम भागते. तुलना मर्ज सॉर्टहून अधिक होतील आणि प्रत्येक तुलना थोडी लांबेल. पण काम सेकंदाच्या आतबाहेरचे आहे, आणि प्रश्नाने काही सेकंद दिले आहेत.

यावरून प्रश्न वाचण्याची एक रीत हाती लागते. नोंदीत अर्जाचा अनुक्रमांक किंवा वेळ आधीच लिहिलेली असती, तर ‘स्थिर पद्धत हवी’ ही अट दिसावयास कठोर पण वस्तुतः पोकळ ठरली असती. म्हणून प्रथम विचारावे, की समानांचा क्रम ठरविणारी माहिती नोंदीत आहे की केवळ जागेत आहे. नोंदीत असेल तर ती तुलनेत घ्यावी आणि हीप सॉर्टने नोंदी जागच्या जागी लावाव्या. कार्डांचीही गरज नाही. केवळ जागेत असेल तर एक तर स्थिर पद्धत घ्यावी, किंवा नोंदीमागे चार बाइटांची किंमत मोजून ती माहिती लिहून घ्यावी.

परीक्षकाने चार पद्धतींचीच अट घातली नसती, तर मी स्वतः याहून साधे उत्तर पसंत केले असते. गुण एकशे एकच प्रकारचे आहेत ना? मग कोणाची कोणाशी तुलनाच कशाला? एकदा सर्व नोंदींवरून नजर फिरवून प्रत्येक गुणसंख्येचे किती उमेदवार आहेत ते मोजावे. शंभर गुणांचे तीनशे असले तर त्यांच्या जागा पहिलीपासून तीनशेपर्यंत; नव्याण्णववाले तीनशे एकपासून पुढे; अशी प्रत्येक गटाची सुरुवात ठरवावी. मग मूळ क्रमानेच पुन्हा एकदा नोंदी पाहात जावे आणि प्रत्येकीचा जागाक्रमांक तिच्या गटातील पुढच्या मोकळ्या जागेवर मांडावा. दोन फेऱ्यांत काम संपते. स्मृती लागते ती दहा लाख जागाक्रमांकांची, म्हणजे चाळीस लाख बाइट, आणि एकशे एक लहानसे आकडे. दुसरी फेरी मूळ क्रमाने केल्यामुळे स्थैर्य आपोआप राखले जाते. येथेही कोणी हावरेपणाने तेवढे चाळीस लाख बाइटही वाचवावे म्हणून नोंदींचीच जागच्या जागी अदलाबदल करू लागला, तर वेळ वाचेल, स्मृती वाचेल, आणि अनंत पुन्हा चित्राच्या खाली जाण्याची पाळी येईल.

या रीतीचेही क्षेत्र मर्यादित आहे. गुणांच्या जागी दशांशातील टक्केवारी किंवा नावांचा वर्णानुक्रम आला की एकशे एक खण पुरत नाहीत, आणि आपण पुन्हा तुलनेच्या राज्यात येतो. तेथे दहा लाख नोंदींना कोणत्याही पद्धतीने, अगदी प्रतिकूल परिस्थितीत, सुमारे एक कोटी पंच्याऐंशी लाख तुलनांहून कमीत भागणार नाही, हे गणिताने सिद्ध झालेले आहे. मर्ज सॉर्टची मर्यादा एक कोटी नव्वद लाखांच्या आसपास आहे.